फाशाची विरुद्ध बाजू शोधताना

पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत 100 प्रश्नांसाठी 90 मिनिटे मिळतात. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला पुरते मिनिटही येत नाही. त्यातल्या बुद्धिमत्ता चाचणीच्या भागात एकाच फाशाची दोन किंवा तीन चित्रे देऊन अमुक अंकाच्या विरुद्ध बाजूला कोणता अंक आहे, असे विचारलेले असते. एसएससीच्या परीक्षांतही हा प्रकार ओळखीचा आहे. बहुतेक मुले यासाठी तीन-चार नियम पाठ करून जातात आणि कोणता नियम कुठे लावायचा यात अडकतात. ते नियम वेगवेगळे नाहीतच. फाशाच्या रचनेतली एक साधी गोष्ट पक्की कळली की सगळे नियम तिच्यातूनच निघतात. कोणत्या प्रश्नाला उत्तर निघू शकते आणि कोणत्या प्रश्नाला निघूच शकत नाही, तेही तिच्यावरूनच समजते.

दिसते ते लगतचे

खोलीच्या कोपऱ्यात मान वर करून पाहिले तर दोन भिंती आणि छत एका बिंदूत मिळालेले दिसतात. छत आणि जमीन मात्र कुठल्याच कोपऱ्यात एकमेकांना भेटत नाहीत, समोरासमोरच्या भिंतीही भेटत नाहीत. फाशाचे तसेच आहे, फक्त तो आपण बाहेरून पाहतो. चित्रात तीन बाजू दिसतात त्या एका कोपऱ्याभोवतीच्या असतात. म्हणून त्या तिन्ही एकमेकींच्या लगतच्या असतात आणि त्यांतली कोणतीही दुसरीच्या विरुद्ध असू शकत नाही.

फाशाला सहा बाजू, आठ कोपरे आणि बारा कडा असतात. प्रत्येक बाजूला चार शेजारी असतात आणि विरुद्ध बाजू एकच असते. एखाद्या अंकाचे चारही शेजारी सापडले की उरलेला पाचवा अंक त्याच्या विरुद्ध बाजूला असणार, याला पर्याय नाही. पुढे येणारी प्रत्येक युक्ती याच एका वाक्याचा उपयोग करते.

आधी समान अंक मोजा

एका चित्रातून तीन बाजू कळतात. न दिसणाऱ्या तीन बाजूंवर उरलेले तीन अंक सहा प्रकारे बसू शकतात. म्हणजे पहिले चित्र पाहून झाल्यावरही सहा वेगवेगळे फासे शक्य असतात. दुसऱ्या चित्राचे काम हे सहा पर्याय कमी करण्याचे. ते किती कमी होतील, हे दोन्ही चित्रांत किती अंक समान आहेत त्यावर ठरते.

एकच अंक समान असेल तर सहापैकी एकच फासा उरतो आणि तिन्ही जोड्या मिळतात. दोन अंक समान असतील तर दोन फासे उरतात. अशा वेळी एक जोडी पक्की कळते आणि बाकीच्या दोन संदिग्ध राहतात. एकही अंक समान नसेल, म्हणजे एका चित्रात 1, 2, 3 आणि दुसऱ्यात 4, 5, 6 असेल, तर तीन फासे उरतात आणि एकही जोडी ठामपणे सांगता येत नाही. तिन्ही अंक समान असतील तर दुसऱ्या चित्राने काहीच नवे सांगितलेले नसते, कारण तो तोच कोपरा फिरवून दाखवलेला असतो.

म्हणून प्रश्न हातात आल्यावर पहिले काम हे मोजण्याचे. त्याला दोन सेकंद लागतात, आणि पुढे काय करायचे ते त्यातूनच ठरते.

एकच अंक समान असेल तेव्हा

हा सर्वांत उपयोगाचा प्रकार आहे, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू.

पहिल्या चित्रात वरच्या बाजूला 3, उजवीकडे 5 आणि पुढे 1 आहे. दुसऱ्या चित्रात वर 2, उजवीकडे 3 आणि पुढे 6 आहे. 5 च्या विरुद्ध कोणता अंक?

दोन्ही चित्रांत 3 समान आहे. पहिल्या चित्रात 3 चे शेजारी 5 आणि 1, दुसऱ्यात 2 आणि 6. म्हणजे 3 चे चारही शेजारी मिळाले. उरला 4. त्यामुळे 3 च्या विरुद्ध 4, ही पहिली जोडी काहीही न फिरवता हाती आली.

आता 5, 1, 2, 6 हे चार अंक 3 भोवती गोलाकार बसलेले आहेत. त्यांचा क्रम कळला की गोलात एक सोडून पुढचा अंक तो विरुद्ध बाजूचा. क्रम कळण्यासाठी दोन्ही चित्रे समान अंकापासून सुरू करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाचायची. पहिल्या चित्रात तिन्ही बाजू जिथे मिळतात त्या कोपऱ्याभोवती 3 पासून निघालो की आधी उजवीकडचा 5 लागतो, मग पुढचा 1. दुसऱ्या चित्रात 3 उजवीकडे आहे. तिथून काट्यांच्या दिशेने गेलो की आधी पुढचा 6 येतो, मग वरचा 2.

दोन्ही ओळी एकाखाली एक लिहा:

3, 5, 1
3, 6, 2

5 च्या खाली 6 आहे आणि 1 च्या खाली 2 आहे. हीच उरलेल्या दोन जोड्यांची उत्तरे. 5 च्या विरुद्ध 6, 1 च्या विरुद्ध 2.

असे का होते? पहिल्या ओळीने सांगितले की 3 भोवतीच्या गोलात 5 नंतर लगेच 1 येतो. दुसरीने सांगितले की त्याच दिशेने 6 नंतर लगेच 2 येतो. गोलात चारच जागा आहेत, त्यामुळे क्रम 5, 1, 6, 2 असाच असणार. या क्रमात 5 पासून एक अंक सोडला की 6 येतो आणि 1 पासून एक सोडला की 2 येतो. ओळी एकाखाली एक लिहिण्याची युक्ती म्हणजे हाच गोल सरळ करून मांडणे आहे. हे कारण माहीत असलेला विद्यार्थी परीक्षेच्या घाईत नियम विसरला तरी गोल काढून उत्तर काढू शकतो, म्हणून मी ते पाठांतराच्या आधी शिकवावे या मताचा आहे.

दिशा चुकते कुठे

या पद्धतीत चूक होण्याची जागा एकच आहे: एक चित्र काट्यांच्या दिशेने आणि दुसरे उलट दिशेने वाचणे. दोन्ही उलट दिशेने वाचली तर काही बिघडत नाही, उत्तर तेच येते. सरमिसळ झाली की मात्र उत्तर चुकते.

सरमिसळ होते ती बहुधा पाठ केलेल्या क्रमामुळे. काही मुले वर, उजवीकडे, पुढे हा क्रम डोक्यात बसवून ठेवतात. वरची, पुढची आणि उजवी बाजू दिसत असेल तेव्हा तो काट्यांच्या दिशेचाच क्रम आहे. पण काही प्रश्नांत फासा असा काढलेला असतो की उजव्या बाजूऐवजी डावी बाजू दिसते. तेव्हा काट्यांच्या दिशेने क्रम वर, पुढे, डावीकडे असा होतो. पाठ केलेल्या क्रमातल्या उजव्याच्या जागी नुसता डावा घातला तर वर, डावीकडे, पुढे असे वाचले जाते आणि ते काट्यांच्या उलट असते.

त्यावर उपाय सोपा आहे. बाजूंची नावे विसरायची. तीन रेषा जिथे मिळतात तो आतला कोपरा शोधायचा, त्यावर पेनाचे टोक ठेवायचे, समान अंकावरून निघून टोकाभोवती काट्यांच्या दिशेने बारीक बाण काढायचा. चित्र कुठल्याही बाजूने काढलेले असो, बाण चुकत नाही.

ज्यांना हे डोळ्यांसमोर आणणे जड जाते त्यांनी खोडरबराचा चौकोनी ठोकळा घ्यावा आणि त्यावर स्वतः अंक लिहून वरचे उदाहरण हातात फिरवून पाहावे. ल्यूडोचा फासा या सरावाला चालत नाही. तो का चालत नाही, ते पुढे येतेच.

बेरीज सात: हा नियम केव्हा?

बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या फाशावर विरुद्ध बाजूंची बेरीज 7 असते: 1 समोर 6, 2 समोर 5, 3 समोर 4. हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे परीक्षेतही हात आधी तिकडेच जातो. 5 दिसला की उत्तर 2.

वरच्या उदाहरणात हेच केले तर चूक होते. तिथे 5 च्या विरुद्ध 6 आहे. आणखी एक गोष्ट बघा. दुसरे चित्र उलट दिशेने वाचले असते तर ओळ 3, 2, 6 अशी आली असती, आणि 5 खाली 2, 1 खाली 6 मिळाले असते. त्या जोड्यांची बेरीज 7 येते! म्हणजे दिशेची चूक करणाऱ्याला आपले उत्तर बरोबर असल्याची खोटी खात्रीही मिळाली असती. पर्यायांत 2 असणारच, कारण प्रश्न काढणारा चुकीच्या वाटेने येणारे उत्तर पर्यायांत ठेवतोच.

अनेक मार्गदर्शक पुस्तकांत असे दिलेले असते की चित्रातल्या लगतच्या दोन अंकांची बेरीज 7 आली तर फासा नेहमीचा नाही, आणि कुठेच 7 आली नाही तर तो नेहमीचा समजावा. यातले पहिले अर्धे विधान पक्के खरे आहे. 7 बेरीज असलेले दोन अंक लगत दिसले तर ते विरुद्ध नाहीत हे उघड आहे. दुसरे अर्धे विधान मात्र फक्त संकेत आहे. आपल्या उदाहरणात पहिल्या चित्रातल्या 3, 5, 1 मध्ये आणि दुसऱ्यातल्या 2, 3, 6 मध्ये कुठल्याच दोन अंकांची बेरीज 7 होत नाही, तरीही फासा नेहमीचा नाही.

सहा अंक घनाच्या सहा बाजूंवर एकूण 30 वेगवेगळ्या प्रकारे मांडता येतात. त्यांतल्या फक्त दोन मांडण्यांत तिन्ही जोड्यांची बेरीज 7 असते आणि त्या दोन मांडण्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत. बाकीचे 28 फासे तितकेच वैध आहेत. वर निघालेली 1-2, 3-4, 5-6 ही मांडणीही काल्पनिक नाही. मोहेंजोदडोच्या उत्खननात मिळालेल्या मातीच्या घनाकार फाशांवर हीच जोडी-पद्धत आढळते.

तेव्हा बेरीज 7 चा नियम वापरायचा तो दोनच वेळा. प्रश्नातच फासा प्रमाणित किंवा सामान्य असल्याचे म्हटले असेल तेव्हा, किंवा चित्र एकच दिलेले असून दुसरा मार्गच नसेल तेव्हा. एकच अंक समान असलेली दोन चित्रे मिळाली असतील तर त्या नियमाकडे बघायचेही कारण नाही, चित्रे स्वतःच सगळे सांगतात.

दोन अंक समान असतील तेव्हा

त्याच फाशाची आणखी एक जोडी घेऊ. पहिल्या चित्रात वर 2, उजवीकडे 3, पुढे 6. दुसऱ्यात वर 2, उजवीकडे 5, पुढे 3.

2 आणि 3 समान आहेत. या दोन बाजू एका कडेवर मिळतात आणि त्या कडेला दोन टोके असतात. एका टोकाला 6 आहे, दुसऱ्या टोकाला 5. कडेच्या दोन टोकांवरच्या बाजू एकमेकींच्या विरुद्ध असतात, म्हणून 6 च्या विरुद्ध 5. समान अंक खोडून उरलेले दोन जोडीला लावायचे, हा प्रसिद्ध नियम तो हाच.

पण इथे थांबायला हवे. 2 च्या विरुद्ध कोण, असे विचारले तर? न दिसलेले अंक 1 आणि 4. त्यांतला एक 2 च्या विरुद्ध आणि दुसरा 3 च्या विरुद्ध, एवढेच कळते. कोण कुठे, हे या दोन चित्रांतून कोणालाही सांगता येणार नाही. अशा वेळी पर्यायांत 1 आणि 4 यांपैकी एकच असेल तर तो निवडावा. दोन्ही असतील आणि 'सांगता येत नाही' हाही पर्याय असेल तर बरोबर उत्तर तेच. बरेच जण तो पर्याय भरतीचा म्हणून सोडून देतात.

तीन चित्रे असतील तर

तीन चित्रे दिसली की प्रश्न अवघड वाटतो, प्रत्यक्षात तो सोपा झालेला असतो. बऱ्याचदा दिशेचा विचार न करता नुसत्या शेजाऱ्यांवरून तो सुटतो.

आता वेगळा फासा घ्या. पहिल्या चित्रात वर 1, उजवीकडे 2, पुढे 3. दुसऱ्यात वर 4, उजवीकडे 5, पुढे 2. तिसऱ्यात वर 6, उजवीकडे 4, पुढे 1. एकापेक्षा जास्त चित्रांत आलेला अंक निवडा. 2 पहिल्या आणि दुसऱ्या चित्रात आहे. त्याचे शेजारी 1, 3, 4, 5. उरला 6, म्हणून 2 च्या विरुद्ध 6. 1 पहिल्या आणि तिसऱ्या चित्रात आहे. शेजारी 2, 3, 4, 6. उरला 5. राहिलेले 3 आणि 4 आपोआप एकमेकांच्या विरुद्ध.

फाशावर अंकांऐवजी रंग किंवा अक्षरे असली आणि चित्रच नसले, म्हणजे 'लाल बाजू निळ्या व पिवळ्या बाजूंच्या लगत आहे' अशी वाक्ये दिलेली असली, तरी हीच पद्धत चालते. तिथे दिशा कळायला मार्ग नसतो, त्यामुळे ज्या रंगाचा उल्लेख सर्वांत जास्त वेळा आला आहे त्याचे शेजारी आधी मोजावेत. लगत किंवा विरुद्ध विचारलेले असताना चित्रात अंक तिरपा किंवा उलटा छापला आहे का, याकडे लक्ष द्यायची गरज नाही.

तीन चित्रांचा आणखी एक फायदा म्हणजे ताळा. वरच्या उदाहरणात पहिली दोन चित्रे 2 पासून काट्यांच्या दिशेने वाचली तर 2, 3, 1 आणि 2, 4, 5 मिळते. 3 खाली 4, 1 खाली 5. शेजाऱ्यांवरून आलेले उत्तरच पुन्हा आले. सराव करताना दोन्ही वाटांनी उत्तर काढून पाहिले की दिशेची सवय पक्की होते.

चित्रच चुकलेले असेल तर

कधी कधी प्रश्नातली दोन चित्रे एकाच फाशाची असूच शकत नाहीत. हे ओळखण्याचीही खूण आहे. दोन अंक समान असतील तर ते दोन अंक एका चित्रात काट्यांच्या दिशेने लागोपाठ आले पाहिजेत आणि दुसऱ्यात उलट दिशेने, कारण कडेच्या एका टोकाकडून पाहिलेला क्रम दुसऱ्या टोकाकडून उलटा दिसतो.

एका चित्रात वर 2, उजवीकडे 3, पुढे 6 आहे आणि दुसऱ्यात वर 3, उजवीकडे 5, पुढे 2 आहे असे समजा. पहिल्यात काट्यांच्या दिशेने 2, 3, 6. दुसऱ्यातही 2 पासून वाचले तर 2, 3, 5. दोन्हीकडे 2 नंतर 3 त्याच दिशेने आला. म्हणजे एकाच कोपऱ्यावर एकदा 6 आणि एकदा 5 दाखवला आहे. असा फासा करता येणार नाही. प्रश्न काढणाऱ्याने समान अंक खोडायचा नियम मनात धरून चित्रे काढली, पण बाजूंची जागा तपासली नाही, की असे होते. परीक्षागृहात यावर वेळ घालवू नका. अपेक्षित उत्तर 6 च्या विरुद्ध 5 हेच असणार, ते नोंदवा आणि पुढे जा.

नंतर मात्र हा प्रश्न सोडू नका. महाराष्ट्र लोकसेवा आयोग पहिली उत्तरतालिका जाहीर करून हरकती मागवतो आणि इतर अनेक भरती परीक्षांतही तशी सोय असते. हरकतीत 'प्रश्न चुकीचा आहे' एवढेच लिहू नका. दोन्ही चित्रांतले अंक काट्यांच्या दिशेने लिहून द्या, समान असलेले दोन अंक दोन्हीकडे एकाच दिशेने येतात हे दाखवा, आणि त्यामुळे दोन्ही चित्रे एका फाशाची ठरत नाहीत असे स्पष्ट नमूद करा.